भावफलकाची तिमाही फेरतपासणी

राज्य परिवहन महामंडळाने २०२१ च्या ऑक्टोबरात प्रवासभाडे १७.१७ टक्क्यांनी वाढविले, आणि त्यानंतर सव्वातीन वर्षे त्याला हात न लावता २०२५ च्या २५ जानेवारीपासून ते एकदम १४.९५ टक्क्यांनी पुन्हा चढविले. या मधल्या काळात डिझेल, टायर, सुटे भाग आणि पगार यांपैकी काहीच थांबले नव्हते. थांबले होते ते केवळ तिकीट. याच्या अगदी उलट उदाहरण डिझेलचे आहे. २०१३ च्या जानेवारीत केंद्र सरकारने तेलकंपन्यांना किरकोळ विक्रीचा भाव थोडाथोडा वाढविण्याची मुभा दिली, लिटरमागे महिन्याला सुमारे ५० पैसे अशी ती वाढ होत राहिली, पुढे जागतिक बाजारही उतरला आणि २०१४ च्या ऑक्टोबरात सरकारी नियंत्रण उठविण्यात आले तेव्हा पंपावर कोणाला धक्का बसावा असे काही उरलेच नव्हते. एवढ्या मोठ्या व्यवहारांतून आपल्या जिल्ह्यातील आलूबोंडा-पोह्यांच्या दुकानदाराने किंवा खानावळवाल्याने काय घ्यावे, असे कोणी विचारील. परंतु माझ्या मते त्याची अडचण महामंडळाच्या अडचणीहून निराळी नाही, आणि तिच्यावर उपाय करणे मात्र महामंडळापेक्षा पुष्कळच सोपे आहे, कारण त्याला भाववाढीसाठी कोणत्याही प्राधिकरणाकडे दरखास्त पाठवावी लागत नाही.

यवतमाळ, वणी, पुसद किंवा उमरखेड, गाव कोणतेही असो, उपाहारगृहाच्या भिंतीवरील भावफलक बहुधा ऑइलपेंटने रंगविलेला असतो, आणि तो पुसून पुन्हा रंगविण्याचा कंटाळा हेच पुष्कळ ठिकाणी भाव दोन-दोन वर्षे न बदलण्याचे खरे कारण असते. मालक म्हणतो की गिऱ्हाईक तुटेल. दोन वर्षांनी गल्ल्यात काही उरत नाही असे लक्षात आल्यावर तोच मालक पंचवीस रुपयांची प्लेट एका दिवसात तीस रुपयांना करतो, म्हणजे वीस टक्के वाढवितो, आणि मग गिऱ्हाईक खरोखरच तुटते. या फेऱ्यातून सुटण्याची जी रीत मला सांगावयाची आहे ती अशी, की वर्षातून चार वेळा, ठरलेल्या तारखांना, पुरवठादारांची बिले समोर ठेवून भावफलक तपासावा, जेवढा खर्च बिलांनी सिद्ध होतो तेवढाच भावात घालावा, आणि जो रुपयाच्या आत राहतो तो वहीत पुढे ओढावा.

यासाठी प्रथम प्रत्येक मुख्य जिनसाचे माप निश्चित असले पाहिजे, आणि ते आठवणीतून सांगितलेले चालत नाही. आलूबोंडाच घेऊ. शंभर प्लेटींना, म्हणजे दोनशे नगांना, आलू किती, बेसन किती, तेल किती आणि गॅस किती लागतो हे ओळीने तीन दिवस तराजूवर मोजावे. आलू आणि बेसन मोजण्यात काही कठीण नाही. तेलाचे मोजमाप मात्र बहुतेकांचे चुकते, कारण कढईत ओतलेले सगळे तेल ते खर्ची टाकतात. सकाळी कढईत घातलेले तेल, दिवसभरात वरून घातलेले तेल, आणि संध्याकाळी कढईत उरलेले तेल, अशा तीन नोंदी ठेवून पहिल्या दोन्हींच्या बेरजेतून तिसरी वजा केली म्हणजे दोनशे बोंड्यांनी प्रत्यक्ष प्यालेले तेल हाती येते. जे तेल काळे पडल्यामुळे फेकावे लागते तेही खर्चातच धरावे. गॅससाठी टाकी सुरू करताना आणि काही दिवसांनी असे तिचे दोनदा वजन करावे. मधल्या दिवसांत किती घाणे निघाले याची नोंद असली की प्रत्येक शंभर प्लेटींचा वाटा निघतो. ही मापे एकदा वहीच्या पहिल्या पानावर लिहिली की बोंड्याचा आकार किंवा आचारी बदलेपर्यंत ती पुन्हा काढण्याचे कारण नाही.

आता उदाहरणादाखल, केवळ रीत समजावी म्हणून, काही आकडे कल्पनेने धरू. शंभर प्लेटींना ९ किलो आलू २५ रुपये भावाने २२५ रुपयांचे, साडेतीन किलो बेसन ९० रुपयांनी ३१५ चे, २ किलो तेल १३० रुपयांनी २६० चे, मिरची-सांभार-मसाला आणि चटणी मिळून १५०, आणि १ किलो २०० ग्रॅम गॅस ९५ रुपयांनी ११४ चा; एकूण १,०६४ रुपये, म्हणजे प्लेटीमागे १० रुपये ६४ पैसे. प्लेट विकली जाते २५ रुपयांना. मजुरी, भाडे, वीज आणि मालकाचे पोट ही उरलेल्या १४ रुपये ३६ पैशांतून निघतात. हे झाले पायाभूत पान. तीन महिन्यांनी याच मापांना नव्या बिलांतील भाव लावावयाचे आणि फरक काढावयाचा, एवढेच तिमाही तपासणीचे काम. बिले लावून ठेवलेली असतील तर एका दुपारच्या निवांत वेळेत ते उरकते.

परंतु बिल वाचणे म्हणजे त्यावरील भावाचा रकाना पाहणे नव्हे, आणि येथे थोडे थांबणे अवश्य आहे. समजा, तीन महिन्यांपूर्वी किराणा व्यापाऱ्याकडून आलेला सोयाबीन तेलाचा डबा १,९५० रुपयांना होता आणि आज तो १,९८० ला आला. वरवर पाहता तीस रुपयांची वाढ, जेमतेम दीड टक्का. पण जुन्या बिलावर १५ किलो असे लिहिले आहे आणि नव्यावर १५ लिटर. एक लिटर सोयाबीन तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते, म्हणून पंधरा लिटरच्या डब्यात तेल असते ते जेमतेम १३ किलो ६५० ग्रॅम. १,९८० ला १३.६५ ने भागले असता किलोचा भाव १४५ रुपये येतो, जो पूर्वी १३० होता. वाढ दीड टक्का नसून साडेअकरा टक्के आहे, आणि ती भावाच्या रकान्यात कोठेही लिहिलेली नाही. व्यापाऱ्याने यात लबाडी केली असेही म्हणता येत नाही, कारण डब्यावर आणि बिलावर माप छापलेले आहे. वाचणाऱ्याने ते वाचले नाही, इतकेच. पाकीटबंद बेसन, मसाला आणि पापड यांच्या बाबतीतही हेच. पाकिटाची किंमत तीच ठेवून वजन घटविण्याची वहिवाट सर्वत्र आहे, म्हणून वहीत भाव नेहमी किलोवर उतरवूनच लिहावा.

दुसरी गोष्ट कराची. ५ टक्के दराने जीएसटी भरणाऱ्या सामान्य उपाहारगृहाला, तसेच कंपोझिशन योजनेत असलेल्याला, खरेदीवर दिलेल्या कराची वजावट मिळत नाही. व्यावसायिक वापराच्या १९ किलोच्या गॅसटाकीवर १८ टक्के आणि खाद्यतेलावर ५ टक्के कर लागतो, आणि तो सगळा दुकानदाराच्या खर्चातच जमा होतो. म्हणून करापूर्वीचा भाव न घेता बिलाच्या तळाशी असलेली, प्रत्यक्ष दिलेली रक्कम हिशेबात घ्यावी. हमाली, गाडीभाडे आणि पूर्वी मिळत असलेली पण आता बंद झालेली रोखीची सूट यांचाही त्यात आपोआप समावेश होतो. काही व्यापारी सूट बिलाबाहेर देतात आणि बिलाबाहेरच बंद करतात. अशा वेळी बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने दोन शब्द लिहून ठेवावेत.

आलू, कांदे, टमाटर आणि सांभार यांना तर मुळी बिलच नसते. मंडईतून रोखीने आणलेल्या मालाची फार तर एखादी कच्ची चिठ्ठी मिळते. त्यांच्यासाठी आठवड्यातून एक ठरलेला वार धरून त्या दिवशीचा भाव रोजकीर्दीत लिहावा, आणि भावफलक तपासताना चालू भाव न घेता मागील बारा महिन्यांची सरासरी घ्यावी. कांदा किंवा टमाटर महिनाभर तिप्पट होतो आणि मग रस्त्यावर येतो. त्याच्यामागे धावून भावफलक बदलणारा मनुष्य गिऱ्हाइकाच्या दृष्टीने लहरी ठरतो, आणि खाली उतरल्यावर भाव उतरविला नाही तर लबाडही ठरतो. तेल, बेसन, डाळ, गॅस यांचे भाव चढले की पुष्कळ काळ चढलेले राहतात, म्हणून त्यांचे मात्र अलीकडचे बिल घेणेच योग्य.

आता आपल्या उदाहरणाकडे परत येऊ. तीन महिन्यांनी आलूची बारा महिन्यांची सरासरी २८ रुपये झाली, बेसन ९६, तेल वर पाहिले तसे १४५, मसाला-चटणी १५६ आणि गॅस ९७. जुन्या मापांना हे भाव लावले असता शंभर प्लेटींचा खर्च १,१५० येतो. वाढ ८६ रुपयांची, म्हणजे प्लेटीमागे ८६ पैसे. येथे एक मोह होतो तो टाळावा. खर्च आठ टक्क्यांनी वाढला, तेव्हा प्लेटही आठ टक्क्यांनी, म्हणजे पंचवीसची सत्तावीस करावी, असे हिशेबनीस सुचवील. तसे केल्यास तेलाच्या वाढीवर आपण आपला नफाही चढविला असे होते, आणि गिऱ्हाइकाने विचारल्यास बिलावर बोट ठेवून उत्तर देता येत नाही. मालाची वाढ रुपयास रुपया एवढीच भावात घालावी. मजुरी आणि भाडे यांची वाढ ज्या तिमाहीत प्रत्यक्ष झाली त्याच तिमाहीत, तिचा प्लेटीवरील वाटा काढून, वेगळ्या ओळीत घालावी. तेव्हा ८६ पैसे. एक रुपया वाढवून प्लेट २६ रुपये करावी आणि जास्त घेतलेले १४ पैसे वहीत गिऱ्हाइकाच्या नावे जमा मांडावेत.

पुढील तिमाहीत समजा ४० पैशांची वाढ निघाली. जमा असलेले १४ वजा जाता २६ पैसे उरतात. ते अर्ध्या रुपयाच्या आत आहेत, म्हणून भाव तसाच ठेवावा आणि २६ पैसे येणे म्हणून पुढे ओढावेत. तिसऱ्या तिमाहीत आणखी ५० पैसे. एकूण ७६, अर्ध्या रुपयाच्या वर, म्हणून पुन्हा एक रुपया वाढवावा आणि २४ पैसे जमा करावेत. चौथ्या तिमाहीत ६० पैसे निघाले तर ३६ येणे राहतात आणि फलक तसाच राहतो. वर्षभरात चार वेळा तपासणी झाली, दोनदा एकेक रुपया वाढला, आणि वर्षाअखेर मालकाचे नुकसान काय, तर प्लेटीमागे ३६ पैसे. वाढीची तारीख ठरलेली नसून तपासणीची तारीख ठरलेली आहे, हा भेद पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. प्रत्येक तिमाहीला भाव वाढलाच पाहिजे असे मुळीच नाही.

हा एक रुपयाचा टप्पा दहा वर्षांपूर्वी अव्यवहार्य ठरला असता, कारण सुट्या नाण्यांअभावी सव्वीस रुपयांची प्लेट विकणे म्हणजे दिवसभर चार रुपये परत करीत बसणे होते, आणि म्हणूनच भाव पाच-पाच रुपयांच्या पायऱ्यांनी चढत. आता गल्ल्यावर क्यूआरचा फलक असतो आणि निम्म्याहून अधिक गिऱ्हाईक मोबाइलवरून पैसे देते अशा दुकानी सव्वीस आणि सत्तावीस यांत अडचण उरत नाही. जेथे अजून रोखीचाच व्यवहार आहे, विशेषतः आठवडी बाजाराच्या गावी, तेथे दुसरी तोड आहे: सगळ्या जिनसांचे भाव एकाच दिवशी न वाढविता, ज्याचे येणे सर्वांत जास्त साचले असेल त्या एकाच जिनसाचा भाव त्या तिमाहीत पाच रुपयांनी वाढवावा, आणि बाकीच्यांचे येणे वहीत चालू ठेवावे. अशा वेळी एका जिनसाची पायरी मोठी दिसते, पण टेबलावरच्या एकूण बिलात ती लहानच राहते.

तपासणी लांबणीवर टाकण्याची किंमतही एकदा मांडून पाहावी. दिवसाला दीडशे प्लेटी जातात असे धरले तर ८६ पैशांप्रमाणे दिवसाचे १२९ रुपये आणि नव्वद दिवसांचे ११,६१० रुपये निव्वळ खिशातून जातात. उलट गिऱ्हाईक तुटण्याच्या भीतीचेही माप काढता येते. भाव न वाढविता दीडशे प्लेटी विकल्यास प्लेटीमागे साडेतेरा रुपये सुटतात, म्हणजे दिवसाचे २,०२५. सव्वीस रुपये केल्यास साडेचौदा सुटतात, आणि तेवढीच रक्कम १४० प्लेटींतही उभी राहते. वाढीनंतर दोन आठवडे रोजच्या प्लेटी मोजाव्यात, त्यांची वाढीपूर्वीच्या दोन आठवड्यांतील त्याच वारांशी तुलना करावी, बाजाराचा आणि सणाचा दिवस वगळावा. दहापेक्षा कमी प्लेटी घटल्या असतील तर वाढ सोसली गेली असे समजावे. अधिक घटल्या आणि शेजारच्या दुकानी त्या गेल्या असे दिसले, तर पुढील तिमाहीचे येणे वहीतच राहू द्यावे. तो शेजारीही त्याच बाजारातून तेल उचलतो, आणि त्याची पाच रुपयांची उडी फार दूर नसते.

तारखा कोणत्या असाव्यात? व्यावसायिक गॅसटाकीचा भाव तेलकंपन्या बहुधा प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेस बदलतात, म्हणून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांची ५ तारीख सोयीची. तोपर्यंत नवे बिल हाती येते. आपल्या जिल्ह्याच्या पिकांशीही या तारखा बऱ्या जुळतात: ऑक्टोबरपासून नवे सोयाबीन, जानेवारीच्या सुमारास नवी तूर, आणि एप्रिलपर्यंत नवा हरभरा बाजारात उतरलेला असतो. जुलैची तपासणी मात्र विचाराने करावी. राळेगाव, घाटंजी, आर्णीकडे पेरणीत पैसा अडकलेला असतो आणि कापूस घरी येईपर्यंत तो मोकळा होत नाही. तेथील दुकानदाराने जुलैत हिशेब काढावा, पण येणे दीड रुपयाच्या आत असेल तर वाढ ऑक्टोबरात करावी. वणीकडे कोळसा खाणीतील पगार महिन्याच्या महिन्याला होतो, तेथे ही सवलत देण्याचे कारण मला दिसत नाही.

काही प्रसंगी बिले एकदम उसळतात. २०२४ च्या सप्टेंबरात केंद्राने कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावरील मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के आणि शुद्ध तेलावरील १२.५ वरून ३२.५ टक्के केले, तेव्हा सणांच्या तोंडावर डब्याचा भाव चढला. अशा वेळीही, रोखीच्या गावची पाच रुपयांची पायरी सोडल्यास, एका तिमाहीत एका जिनसावर दोन रुपयांपेक्षा अधिक चढवू नये, बाकी वहीत ठेवून पुढील दोन तिमाहींत वसूल करावी. त्याच शुल्कातील कच्च्या तेलाचा वाटा २०२५ च्या मेअखेर २० वरून १० टक्क्यांवर आला. अशी उतरण बिलांत प्रत्यक्ष दिसली की तेवढे पैसे गिऱ्हाइकाच्या नावे जमा करावेत, म्हणजे फलकावरचा भाव न उतरविताही पुढची वाढ एक-दोन तिमाही लांबते. ज्याला हे जमा करणे जिवावर येते त्याने ही वही ठेवण्याच्या भानगडीत न पडलेलेच बरे.

आणखी एक खूण सांगितली पाहिजे. महिन्याचे तेलाचे बिल वाढले, पण किलोचा भाव मात्र तोच आहे, आणि प्लेटीही वाढलेल्या नाहीत, असे आढळले तर ती भाववाढ नव्हे. कढई तापत राहते आहे, बोंडा मोठा झाला आहे, किंवा माल मागच्या दाराने जातो आहे. हा खर्च भावफलकावर चढविणे म्हणजे स्वयंपाकघरातील दोषाचा दंड गिऱ्हाइकाकडून वसूल करणे होय. तिमाही पानावर म्हणूनच भावाच्या शेजारी एकूण खरेदीचे किलो आणि विकलेल्या प्लेटी यांचाही रकाना असावा.

राहता राहिला फलकाचा प्रश्न. रंगविलेल्या आकड्यांऐवजी सरकवून बदलता येतील असे आकडे किंवा खडूचा फळा ठेवावा, आणि खाली भाव कोणत्या तारखेपासून लागू आहेत ते लिहावे. ‘५ एप्रिलपासून’ एवढे शब्द पुरेत, कारणे लिहिण्याची गरज नाही. मासिक खानावळ चालविणाऱ्याने ज्यांनी कूपनांचे पैसे आगाऊ भरले आहेत त्यांना कूपने संपेपर्यंत जुनाच दर द्यावा. लग्नकार्याच्या ऑर्डरी तीन-तीन महिने आधी ठरतात. तेथे लेखी दरातच असे नमूद करावे की अमुक तारखेच्या तपासणीनंतर माल उचलल्यास त्या दिवशीचा भाव लागू होईल, आणि विसार घेताना तो मजकूर यजमानास वाचून दाखवावा. पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटांचे पुडे या तपासणीत येतच नाहीत; त्यांची कमाल किंमत पुड्यावर छापलेली असते.